‘जाता जाता एवढं करून द्या ना!’

वेबसाइट बनवणारे, इंटिरिअर करणारे, जाहिरातीची कामं घेणारे, सॉफ्टवेअर लिहून देणारे या सगळ्यांच्या कानावर हे वाक्य कधी ना कधी पडतंच. काम निम्म्यावर आलेलं असतं, ग्राहक खूश असतो आणि त्याच खुशीत म्हणतो, ‘करताच आहात, तर जाता जाता एवढंही करून द्या ना.’ मागणी लहान असते, नाही म्हणायला जीव होत नाही. असं दहा-पंधरा वेळा झालं की तारीख हुकते, नफा संपतो आणि करणारा चिडचिडा होतो. न ठरवता काम असं वाढत जाण्याला या धंद्यात ‘स्कोप क्रीप’ म्हणतात.

यात मुद्दाम वाईट कोणीच वागलेलं नसतं. ग्राहकाला वाटतं, मी विचारलं, ते हो म्हणाले, म्हणजे हे ठरलेल्या पैशांतच बसतं. करणाऱ्याला वाटतं, एवढं जास्तीचं केलंय, शेवटी समजून घेतील. दोन्ही समजुती मनातल्या मनात राहतात आणि शेवटच्या बिलाच्या दिवशी समोरासमोर येतात. पैसे मोजावे लागल्याचा राग ग्राहक विसरतो. न सांगता आलेल्या आकड्याचा राग मात्र वर्षानुवर्षं धरून ठेवतो. म्हणूनच सेवेच्या प्रपोजलमध्ये ‘चेंज रिक्वेस्ट’चं, म्हणजे बदलाच्या मागणीचं, एक कलम असावं लागतं. त्याचं काम एवढंच, की पैशांचं आणि वेळेचं बोलणं काम सुरू होण्याआधी व्हावं.

कल्पना करा, एका मसाले विक्रेत्याला ऑनलाइन दुकान हवंय आणि एक छोटी वेबसाइट कंपनी त्याला प्रपोजल देते आहे. किंमत १,८०,००० रुपये, मुदत १० आठवडे. ‘ई-कॉमर्स वेबसाइट करून देऊ’ एवढंच लिहिलं, तर पुढचं कलम कितीही कडक असलं तरी फुकट आहे. जे ठरलेलंच नाही, त्यात बदल झाला हे दाखवणार कसं? म्हणून आधी यादी हवी: १२ पानं, ६० उत्पादनं, एक पेमेंट गेटवे, पिनकोडनुसार डिलिव्हरी खर्च, पाककृतींचा एक विभाग, डिझाइनमध्ये दोन वेळा दुरुस्त्या. तितकीच महत्त्वाची यादी ‘यात काय नाही’ याची: उत्पादनांचे फोटो काढणं, मजकूर लिहिणं, इंग्रजी आवृत्ती, घाऊक गिऱ्हाइकांसाठी वेगळे दर. नंतर मागितल्या जाणाऱ्या बहुतेक गोष्टी अनुभवी माणसाला पहिल्या भेटीतच दिसतात. त्या तेव्हाच ‘नाही’च्या यादीत लिहिल्या, तर ग्राहकही विचार करून ‘हे मात्र आत्ताच धरा’ असं सांगू शकतो. यादीतल्या प्रत्येक बाबीपुढे अंदाजे तासही लिहावेत. इथे एकूण १५० तास आणि ताशी १,२०० रुपये धरलेत. या तासांचा उपयोग पुढे येईल.

आता कलम. ते वकिली भाषेत लिहिण्याची गरज नाही. उलट ग्राहकाला एका वाचनात कळलं नाही, तर ते कामाच्या दिवशी उपयोगी पडत नाही. साधारण असं लिहिता येतं:

‘काम सुरू झाल्यावर नवी गरज लक्षात येणं स्वाभाविक आहे. यादीत नसलेली किंवा मंजूर केलेल्या कामात फेरफार करणारी मागणी आपल्या ठरवलेल्या प्रतिनिधीने ईमेलवर कळवावी. तीन कामकाजी दिवसांत आम्ही तिचा खर्च, लागणारा वेळ आणि अंतिम तारखेवर होणारा परिणाम लेखी कळवू. आपली लेखी मंजुरी आल्यावरच ते काम सुरू होईल. तोपर्यंत मूळ काम ठरल्याप्रमाणे चालू राहील. जादा कामाचा दर ताशी १,२०० रुपये राहील. किरकोळ बदलांसाठी ८ तास मूळ किमतीत धरलेले आहेत. आमच्या कामातले दोष आम्ही विनामूल्य दुरुस्त करू; ते बदल मानले जाणार नाहीत.’

या मजकुरातल्या तीन गोष्टी नात्याला सांभाळतात. पहिली, दर आधीच ठरलेला आहे. काम अर्धवट असताना ग्राहक दुसरीकडे जाऊ शकत नाही, हे त्याला माहीत असतं. अशा वेळी दर सांगितला, की तो अडवणुकीचा वाटतो. प्रपोजलमध्ये लिहिलेल्या त्याच दराबद्दल तसा संशय येत नाही. दुसरी, ठरवलेला प्रतिनिधी. मालक एक सांगतो, त्याचा मुलगा दुसरं आणि दुकानाचा मॅनेजर तिसरं. मंजुरी एकाच माणसाची, असं ठरलं की ग्राहकाच्या घरातला वाद तुमच्या कामावर येऊन पडत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यांत कामाची: ते ८ तास. प्रत्येक बारीकसारीक मागणीला अंदाजपत्रक पाठवणारा माणूस कोणालाच आवडत नाही. बॅनरचा रंग बदलायचा आहे, फोन नंबर वर घ्यायचा आहे, यासाठी ‘चेंज रिक्वेस्ट पाठवा’ म्हणणं म्हणजे किरकोळ कामासाठी संबंध ताणणं. मूळ तासांच्या साधारण पाच टक्के वेळ आधीच राखून ठेवला, की अशा गोष्टींना मोकळ्या मनाने हो म्हणता येतं. फक्त दर आठवड्याच्या ईमेलमध्ये एक ओळ लिहायची: ‘राखीव ८ तासांपैकी अडीच वापरले, साडेपाच शिल्लक.’ ग्राहक मग आपणहून हिशोबाने मागू लागतो.

पाचव्या आठवड्यात मसालेवाल्यांचा फोन येतो: ‘हॉटेलवाले आणि किराणा दुकानदार यांना वेगळा भाव दिसला पाहिजे.’ ही ‘नाही’च्या यादीतली गोष्ट. पण फोनवर लगेच ‘हे आपलं ठरलं नव्हतं’ म्हटलं, तर पहिलंच वाक्य वादाचं होतं. त्यापेक्षा ‘हो, करता येईल. किती वेळ आणि खर्च लागेल ते परवापर्यंत लिहून पाठवतो’ एवढं पुरे. मग ईमेल जातो:

‘नमस्कार साहेब, घाऊक दरांबद्दल. यात घाऊक गिऱ्हाइकांचं स्वतंत्र लॉगिन, दोन दरपत्रकं, किमान खरेदीची अट आणि बिलातला बदल एवढं काम येतं. अंदाज २२ तास, म्हणजे २६,४०० रुपये अधिक जीएसटी. अंतिम तारीख ८ कामकाजी दिवसांनी पुढे जाईल. आपल्यापुढे तीन पर्याय आहेत. एक, हे आत्ताच करायचं. दोन, पाककृतींचा विभाग सध्या वगळायचा. त्याचं १० तासांचं काम अजून सुरू झालेलं नाही, त्यामुळे फरक १२ तासांचा, म्हणजे १४,४०० रुपये अधिक जीएसटी राहील आणि तारीख ४ दिवसांनीच पुढे जाईल. तीन, वेबसाइट ठरल्या दिवशी सुरू करून घाऊक दर दुसऱ्या टप्प्यात घ्यायचे. कोणता पर्याय हवा ते सात दिवसांत कळवावं. तोपर्यंत मूळ काम चालू आहे.’

यात मागणीला नकार कुठेच नाही. दुसरा पर्याय देता आला तो मूळ यादीत तास लिहिलेले होते म्हणून. अदलाबदलीची मर्यादाही लक्षात ठेवावी: ज्या भागाला हात लावलेला नाही तोच वजा करता येतो. निम्मं झालेलं काम वगळलं, तरी त्यात गेलेला वेळ परत येत नाही. तारखेचा उल्लेखही टाळू नये. अनेक जण पैशांचं स्पष्ट लिहितात आणि दिवसांचं विसरतात. मग जादा कामाचे पैसे मिळूनही उशिराचा ठपका मात्र राहतो.

सगळ्यात जास्त खटके उडतात ते दोष की बदल या प्रश्नावर. कसोटी सोपी आहे. पिनकोडनुसार डिलिव्हरी खर्च यादीत होता आणि तो चुकीचा येतोय, तर तो दोष. एक रुपयाही मागायचा नाही. कुरिअरवाल्याने नंतर दरांची पद्धतच बदलली, तर तो बदल. यादीतला शब्दच मोघम असेल आणि दोघांचे दोन अर्थ निघत असतील, तर पहिल्या वेळी ग्राहकाच्या बाजूने निकाल द्यावा, कारण प्रपोजल तुम्ही लिहिलं होतं. पुढच्या प्रपोजलमध्ये तो शब्द नेमका करावा.

कधी कधी काम फुकट करून द्यावंसंच वाटतं आणि ते गैरही नाही. मात्र नोंद न करता करू नये. ‘इन्स्टाग्रामची लिंक आणि गॅलरी: ३ तास, ३,६०० रुपये, आमच्याकडून सवलत ३,६०० रुपये, देय शून्य’ अशी चेंज रिक्वेस्ट पाठवून तिलाही मंजुरी घ्यावी. यामुळे ग्राहकाला आपल्याला काय मिळालं ते कळतं आणि पुढच्या वेळी तेच काम पैसे घेऊन केलं तर ‘मागे तर फुकट केलं होतं’ असा प्रश्न उरत नाही.

कायद्याच्या बाजूनेही लेखी मंजुरीला वजन आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ६२ नुसार दोन्ही पक्ष संमतीने मूळ करारात फेरफार करू शकतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०अ मुळे केवळ इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झाला म्हणून करार अवैध ठरत नाही. त्यामुळे ‘पर्याय दोन मंजूर’ हे ईमेलवरचं उत्तर उपयोगाचं असतं. फोनवर होकार मिळाला, तर त्याच दिवशी ‘आपलं असं ठरलं’ असा ईमेल पाठवून उत्तर मागवावं. करार कायद्याच्या कलम ७० मध्ये, फुकट करण्याचा हेतू नसताना केलेल्या कामाचा लाभ दुसऱ्याने घेतला तर मोबदला देण्याची तरतूद आहे. पण गुपचूप केलेलं काम फुकट नव्हतं, हे नंतर सिद्ध करत बसणं लहान व्यावसायिकाला परवडत नाही.

या कलमाचा गैरवापरही होतो. काम मिळवण्यासाठी मुद्दाम कमी किंमत सांगायची, यादी मोघम ठेवायची आणि मग प्रत्येक गोष्टीचे वेगळे पैसे लावायचे. ग्राहकांनी हे ओळखायला शिकावं: ‘यात काय नाही’ याची यादीच नसेल किंवा जादा कामाचा दर लिहिलेला नसेल, तर सही करण्याआधी दोन्ही मागून घ्या. दुसरीकडे, काय हवंय हे ग्राहकालाच अजून स्पष्ट नसेल, तर ठरावीक किमतीचं प्रपोजल देऊच नये. प्रत्येक आठवड्याला बदल येऊ लागले, तर कलम कितीही नीट लिहिलेलं असो, दोघेही कागदपत्रांतच बुडतील. अशा कामाला महिन्याच्या किंवा तासाच्या हिशोबाचा करार बरा.

कलम प्रपोजलच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लपवू नका. सहीच्या आधी ग्राहकासमोर बसून ते मोठ्याने वाचा, एखादं उदाहरण देऊन समजावून सांगा आणि पहिली जादा मागणी येईल, मग ती कितीही लहान असो, तेव्हापासूनच ते वापरा. पहिल्या नऊ मागण्या तोंडी झाल्यावर दहावीला कलम दाखवलं, तर त्याचा नियम होत नाही, भांडण होतं.