एका रात्रीत पाच हजार

कोल्हापूरच्या एका खाद्यपदार्थांच्या इन्स्टाग्राम पेजचं उदाहरण घेऊ. पेज काल्पनिक आहे, पण आकड्यांची चाल नेहमी दिसणारी आहे. १८ हजार फॉलोअर्स, आणि कुणीतरी रोज रात्री दहाला एकूण संख्या वहीत टिपून ठेवतंय. आजच्या आकड्यातून कालचा वजा केला की रोजची वाढ कळते. नऊ दिवसांची वाढ अशी : ३८, ५२, ४१, ४७, ६०, ४४, ५५, ३९, ४९. दहाव्या दिवशी ५,०४९.

उडी डोळ्यांनाही दिसते, पण शंभर पेजेस तपासायची तर नियम लागतो. इथे बहुतेक जण सरासरी काढतात आणि फसतात. दहाही दिवसांची सरासरी ५४७ येते, म्हणजे त्या एका दिवसाने सगळं चित्रच बिघडवलं. त्याऐवजी मध्यक घ्यावा, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावून मधला. नऊ दिवसांचा मध्यक ४७, दहावा दिवस धरला तरी ४८. मग प्रत्येक दिवस ४७ पासून किती दूर आहे ते काढून त्या अंतरांचाही मध्यक घ्यायचा. तो येतो ६. नेहमीच्या दिवसाचं ‘इकडे तिकडे’ एवढंच. या सहाची दहापट वरच्या बाजूला सोडली तरी मर्यादा १०७ होते. त्यापुढचा दिवस लाल शाईने खुणवायचा. दहापटच का, असं विचाराल तर तो अंदाजाचा भाग आहे. सणासुदीला वाढ उसळणाऱ्या पेजला ती सैल करावी लागते.

खूण म्हणजे गुन्हा नव्हे. रील व्हायरल झालं तरी उडी दिसतेच. म्हणून उडीपेक्षा तिच्यानंतरचे दिवस बघावेत. खरं रील चालतं तेव्हा वाढ हळूहळू ओसरते, दोन-चार दिवस शेकड्यांत राहते, कमेंट आणि सेव्ह वाढतात, आणि नंतरची रोजची वाढही बहुधा जुन्यापेक्षा थोडी वर स्थिरावते. आपल्या पेजवर अकराव्या दिवशी वाढ पुन्हा ४६. जणू काही घडलंच नाही. त्यानंतर उणे ६१, उणे ११८, उणे ७४. ५,०४९ मधून रोजचे ४७ वजा करा : ५,००२. पाच हजारांचं पॅकेज, वर दोन.

विकत घेतलेली खाती गळतात, कारण कंपन्या बनावट खाती काढून टाकतात. विक्रेत्यांनाही हे माहीत असतं, म्हणून ते ‘रिफिल’ची हमी देतात. त्यामुळे आलेखात आरीचे दात उमटतात : घसरण, मग एका झटक्यात जुन्याच आकड्यावर परत. दुसरी युक्ती ‘ड्रिप फीड’ची, म्हणजे पाच हजार एकदम न देता रोज दोनशे. इथे मर्यादेचा नियम पहिले काही दिवसच ओरडतो. नंतर दोनशे हेच नेहमीचं वाटू लागतं. अशा वेळी वाढीचा सपाटपणा पकडावा. माणसं रविवारी आणि मंगळवारी सारख्याच संख्येने येत नाहीत.

नोंदीतही गफलत होते. एक दिवस आकडा टिपायचा राहिला की दोन दिवसांची वाढ एकत्र येऊन खोटी उडी दिसते. यूट्यूबवर तर २०१९ पासून सदस्यसंख्या पहिल्या तीन अंकांपुरतीच दिसते. बारा लाखांच्या चॅनलचा आकडा दहा-दहा हजारांच्या पायऱ्यांनी चढतो. ती पायरी म्हणजे खरेदी नव्हे.

संशय पक्का करायला खाती बघावी लागतात. २०१८ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने डेव्हुमी या अमेरिकी कंपनीचा धंदा उघड केला, तेव्हा ट्विटरवरचे फॉलोअर्स ज्या क्रमाने आले त्या क्रमाने मांडून प्रत्येकाचं खातं कधी उघडलं ते आलेखावर टिपलं. खऱ्या अनुयायांचे ठिपके विखुरतात. विकत घेतलेल्यांचे दाट पट्टे दिसतात, कारण ती खाती घाऊक तयार झालेली असतात. इन्स्टाग्रामवर बाहेरच्या माणसाला एवढं खोदता येत नाही, पण नव्या शंभर जणांवर नजर टाकता येते : एकही पोस्ट नाही, नावामागे अंकांची शेपटी, स्वतः हजारो जणांना फॉलो करतोय. यातलं एकटं लक्षण पुरेसं नाही. फोटो न लावणाऱ्या मावशी प्रत्येक घरात असतात. तिन्ही एकत्र, आणि तेही शंभरातल्या साठ जणांत, तर मग शंकेला जागा कमीच.

तरीही ‘खरेदी झाली’ एवढंच म्हणता येतं, ‘यानेच केली’ असं नाही. प्रतिस्पर्ध्याला बदनाम करायला त्याच्या नावावर फॉलोअर्स टाकता येतात. त्यासाठी पासवर्ड लागत नाही. म्हणून जाहिरातीचे पैसे देण्याआधी पेजवाल्याकडून इन्साइट्समधली शहरांची यादी मागा. मिसळीच्या पेजचे निम्मे फॉलोअर्स परदेशातल्या अनोळखी शहरांत निघाले, तर कारण त्यालाच विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत पैसे थांबवा.