लग्नानंतर संबंध जमत नाहीत? नववधूचा दोष नाही, 'व्हजायनिस्मस' असू शकतो

लग्नाला चार महिने झाले. नवऱ्याशी पटतं, इच्छाही असते. पण संबंधाची वेळ आली की मांड्या आवळतात, जळजळ होते आणि पुढे भिंत लागल्यासारखं वाटतं. अशी तक्रार असणाऱ्या नववधूला 'नखरे करते' म्हटलं जातं. खरं तर हा त्रास आहे, त्याला व्हजायनिस्मस म्हणतात आणि तो उपचाराने बरा होऊ शकतो.

ओटीपोटाच्या तळाशी, लघवी रोखून धरताना आवळतात ते स्नायू योनीमार्गाभोवतीही असतात. डोळ्यासमोर अचानक हात आला की पापणी मिटते, तसेच हे स्नायू दुखण्याच्या भीतीने आपोआप आवळतात. आवळले की दुखतं आणि दुखलं की पुढच्या वेळी भीती वाढते. पहिल्या रात्रीबद्दल ऐकलेल्या गोष्टी, जंतुसंसर्ग, बाळंतपणाची जखम, पूर्वी झालेली जबरदस्ती यांतून हे सुरू होऊ शकतं. कधी कारण सापडतही नाही.

आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावं. संसर्ग किंवा पडद्याचा दोष नाही ना, हे त्या पाहतात. तपासणी नको वाटली तर 'थांबा' म्हणायचा हक्क बाईला आहे. त्यानंतर फिजिओथेरपिस्ट व्यायाम शिकवतात. जिल्ह्याच्या ठिकाणी अशी सोय कुठे आहे, हे डॉक्टरांनाच विचारावं.

समजा, वर सांगितलेल्या नववधूचे उपचार सुरू झाले. पहिले काही दिवस ती फक्त पोटातून सावकाश श्वास घेते आणि लघवी सुरू होताना खालचा भाग जसा सैल सुटतो, तसा सोडायला शिकते. आवळायचा व्यायाम करायचा नसतो. इथे अडचणच आवळण्याची आहे. मग स्वच्छ हात, कापलेली नखं आणि पाण्यात विरघळणारं जेल घेऊन करंगळीचं टोक. ते बिनत्रास जमलं की डायलेटर, म्हणजे करंगळीएवढ्या जाडीपासून पुढे थोड्या थोड्या जाड होत जाणाऱ्या गुळगुळीत नळ्या. रोज दहा-पंधरा मिनिटं. दुखलं तर थांबून मागच्या मापावर यायचं. याला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. घाई केली की स्नायू पुन्हा आवळतात. भीती खोलवर बसली असेल तर समुपदेशनही लागतं.

या काळात संबंधाचा प्रयत्न बंद ठेवायचा, असं डॉक्टर सांगतात. नवऱ्याला हेच सांगणं जड जातं. रात्री अंथरुणात नाही, तर दिवसा निवांत असताना बोलावं: "मला तुम्ही नको आहात असं नाही. माझं अंग आपोआप आवळतं, माझ्या हातात नाही. डॉक्टरांकडे दोघं जाऊ." नवऱ्यानेही "जोर लावला की होईल" किंवा "थोडी दारू घे" असले मित्रांचे सल्ले सोडून द्यावेत, जबरदस्तीने त्रास वाढतोच. मिठी, गप्पा, हात हातात घेणं चालू राहू द्यावं. पुढे कधी प्रयत्न करायचा आणि कुठे थांबायचं, हे तिने ठरवावं.