आधी रेषा, मग नळ

बाथरूमचं काम सुरू असताना प्लंबर येतो, टेप जमिनीवर टेकवतो आणि विचारतो, ‘बेसिन किती इंचावर घ्यायचं?’ घरमालक म्हणतो, ‘नेहमीचं घ्या.’ महिन्याभराने टाइल लागतात, बेसिन बसतं आणि तोंड धुताना कंबर वाकवावी लागते. प्लंबरने आकडा बरोबर घेतलेला असतो, पण तो मोजलेला असतो भलत्याच जमिनीपासून.

जुन्या फ्लॅटमधली बाथरूम नव्याने करताना फरशी फोडतात, भिंतीत झिरी पाडून पाइप टाकतात. त्यानंतर वॉटरप्रूफिंग, कोबा, मसाला आणि टाइल असे थर येतात. पाइप टाकायच्या वेळी पायाखाली असलेली जमीन तयार फरशीपेक्षा सहज अडीच इंच खाली असते. प्लंबरने तिथून मोजून बेसिनची कड ३३ इंचावर धरली, तर टाइल लागल्यावर ती साडेतीस इंचावर येते. नव्या इमारतीत बाथरूमचा स्लॅब खाली सोडलेला असतो. तो भरण्याआधीच मापं घेतली, तर फरक फुटाच्या घरात जातो. म्हणून कॅटलॉगमधली प्रत्येक उंची तयार फरशीपासूनची असते, आणि ती फरशी अस्तित्वात नसतानाच सगळी मापं घ्यावी लागतात.

यावर चांगल्या गवंड्याचा उपाय साधा आहे. पारदर्शक लेव्हल पाइपमध्ये पाणी भरायचं, बुडबुडा राहिला नाही ना ते बघायचं, आणि बाहेरच्या पॅसेजच्या तयार फरशीपासून बरोबर ३६ इंचांवरची खूण बाथरूमच्या चारही भिंतींवर उतरवायची. खुणांवरून रंगाचं सूत मारलं की एक आडवी रेषा मिळते. यापुढे प्लंबरने जमिनीकडे बघायचं नाही. सगळी मापं या रेषेपासून, वर किंवा खाली.

एका घराचं उदाहरण घेऊ. बाथरूम सात फूट लांब. घरात पाच फूट नऊ इंचांचा नवरा, पाच फूट एक इंचाची बायको आणि गुडघे दुखणारी सत्तरीची आई. बाथरूमची फरशी दाराशी पॅसेजपेक्षा अर्धा इंच खाली ठेवायची आणि तिथून नहाणी ट्रॅपकडे उतार द्यायचा. दर १०० इंचांना एक इंच उतार धरला, तर सात फुटांत पाऊण इंचाहून किंचित जास्त येतो. म्हणजे दाराजवळच्या बेसिनपाशी फरशी रेषेपासून साडेछत्तीस इंच खाली असेल, आणि शॉवरखाली साधारण सव्वासदतीस.

बेसिनची कड साधारण ३२ ते ३४ इंचांवर बहुतेकांना सोयीची पडते. या घरात ३३ धरू, म्हणजे कड रेषेच्या साडेतीन इंच खाली. ठरवण्याआधी स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी उभं राहून पाहावं, कारण बहुतेक ओटे याच उंचीच्या आसपास असतात. कड फार वर गेली तर हात धुताना पाणी मनगटावरून कोपराकडे ओघळतं आणि बाही भिजते. ही खूण हटकून दिसते ती काउंटरवर ठेवायच्या वाडग्यासारख्या बेसिनमध्ये. घरमालक काउंटर ३३ इंचांवर करून घेतात, त्यावर साडेपाच इंचांचं बेसिन येतं आणि कड जाते साडेअडतीसवर. पाच फूट एक इंचाच्या बाईच्या कोपराची उंचीही जवळपास तेवढीच असते. असं बेसिन घ्यायचं असेल तर ते आधी विकत आणावं, त्याची उंची मोजावी आणि ती ३३ मधून वजा करून काउंटर साडेसत्तावीसवर घ्यावा. तो बुटका दिसतो, पण वापरायला तोच बरोबर. भिंतीतला नळ असेल तर त्याचं तोंड कडेच्या चार-पाच इंच वर हवं. त्याहून वर गेलं की पाणी उडतं.

कमोडच्या बाबतीत घरातली माणसं एकमेकांच्या आड येतात. सीटचा माथा साधारण १६ ते १७ इंचांवर असतो. गुडघे दुखणाऱ्याला १८ बरं, कारण उठताना गुडघा कमी वाकतो. पण १८ वर बुटक्या माणसाच्या टाचा जमिनीला टेकत नाहीत, मांडीखाली दाब येतो आणि पोट साफ व्हायला लागणारा जोर देता येत नाही. प्रत्येकाला अनवाणी, ताठ बसवून टाचेपासून गुडघ्यामागच्या खळीपर्यंत मोजावं. इथे बायकोचं माप १५ च्या आसपास येईल. माझ्या मते या घरात १७ घ्यावेत, आणि आईसाठी बाजूच्या भिंतीला सीटपेक्षा नऊ-दहा इंच वर पकडायचा दांडा द्यावा. दोन इंच उंच सीटपेक्षा दांड्याचा आधार जास्त कामाचा, आणि त्याचा त्रास कोणालाच होत नाही. दांडा लागणार त्या जागी भिंत भरीव असल्याची खात्री मात्र आत्ताच करावी.

जमिनीवरच्या कमोडची उंची कंपनीने ठरवलेली असते, त्यामुळे दुकानातच बसून बघावं. भिंतीवर टांगलेल्या कमोडची उंची मात्र भिंतीतली लोखंडी फ्रेम ठरवते, आणि ती एकदा भिंतीत गेली की गेली. इथे हमखास विसरतं ते सीटचं कव्हर. ते जवळपास इंचभर जाड असतं, म्हणून सीट १७ वर हवी तर चिनी मातीच्या भांड्याची कड १६ वर हवी.

आता आंघोळ. शॉवरच्या आडव्या दांडीचं भोक सात फुटांवर घेतलं की तोटी दोन-तीन इंच खाली येते. पाच फूट नऊ इंचांच्या माणसाच्या डोक्यावर ती फूटभर वर राहते आणि घरातल्या बुटक्या माणसालाही पुसायला मिळते. यापेक्षा वर नेऊन फायदा नाही.

आपल्याकडे शॉवर असूनही बहुतेक घरांत बादली असतेच, आणि परदेशी मापांत तिचा विचार नसतो. वीस लिटरची बादली तेरा-चौदा इंच उंच असते. कडी उभी धरून ती नळाखाली सरकवायची तर नळाचं तोंड २४ ते २६ इंचांवर हवं. तीस इंचांवर गेलं की धार बादलीत आपटून गरम पाण्याचे शिंतोडे पायांवर येतात. अठरावर आणलं की कडी अडकते आणि भरलेली बादली तिरकी करून ओढावी लागते. या घरात २५ धरले तर तोंड रेषेच्या सव्वाबारा इंच खाली येतं. गरम-गार पाण्याचा डायव्हर्टर ४० इंचांवर ठेवावा, म्हणजे रेषेच्या पावणेतीन इंच वर. तिथे तो उभ्याने हाताशी येतो आणि स्टुलावर बसलेल्या आईलाही न उठता फिरवता येतो. काही जण तो ४८ वर घेतात. मग बसून आंघोळ करणाऱ्याला दर वेळी उठावं लागतं, आणि ओल्या फरशीवर उठबस करतानाच पाय घसरतात.

कमोडच्या जेटसाठी आकड्यापेक्षा हात बघावा. कमोडच्या जागी खुर्ची ठेवून बसावं, अंग न वळवता उजवा हात भिंतीला जिथे लागतो तिथे खूण करावी.

झिरी पाडण्याआधी एक संध्याकाळ राखून ठेवा. रेषा मारून झाली की प्रत्येक नळाची, बेसिनच्या कडेची, सीटची खूण खडूने भिंतीवर काढून घ्या आणि घरातल्या सगळ्यांना, विशेषतः सर्वांत बुटक्या आणि सर्वांत वयस्कर माणसाला तिथे उभं करा. फोडलेल्या जमिनीवर उभे असाल तर पायाखाली येणाऱ्या थराएवढ्या जाडीची फळी घाला, नाहीतर पुन्हा तीच अडीच इंचांची चूक होईल. खडूची खूण ओल्या फडक्याने पुसता येते. टाइल लागल्यानंतर डायव्हर्टर चार इंच हलवायचा तर दोन-तीन टाइल आणि त्यांच्यामागचं वॉटरप्रूफिंगही फोडावं लागतं.