‘मधुमेह किंवा मृत्यू’: एका ‘किंवा’मागचे आकडे

‘तुमची साखर बॉर्डरवर आहे,’ असे डॉक्टरांनी सांगितले की घरात पहिला प्रश्न निघतो तो हाच, की आता गोळी सुरू करायची का? २००६ साली या प्रश्नाला एक मोठे उत्तर मिळाल्यासारखे वाटले होते. त्या वर्षी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ‘ड्रीम’ नावाच्या चाचणीचा निकाल छापून आला. साखर बॉर्डरवर असलेल्या, पण आधी हृदयविकार न झालेल्या ५२६९ माणसांना या चाचणीत घेतले होते. २६३५ जणांना रोझिग्लिटाझोन हे औषध रोज ८ मिलिग्रॅम दिले आणि २६३४ जणांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी दिली. साधारण तीन वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. मुख्य निकाल असा होता: औषध घेणाऱ्यांत ‘मधुमेह किंवा मृत्यू’ याचे प्रमाण ६० टक्क्यांनी कमी.

हे वाक्य खरे आहे, त्यात एकही आकडा खोटा नाही. तरीही ते वाचून कोणालाही वाटेल की हे औषध मृत्यूही बऱ्यापैकी टाळते, आणि तसे चाचणीत दिसलेले नाही.

दोन किंवा अधिक घटना ‘किंवा’ने जोडून एकच निकष करायचा, याला संशोधक ‘कॉम्पोझिट एंडपॉइंट’ म्हणतात. आपण त्याला एकत्रित निकष म्हणू. मोजणी सोपी असते. ठरवलेल्या घटनांपैकी कोणतीही एक घडली की त्या माणसाच्या नावापुढे एक खूण, आणि प्रत्येकाची एकदाच. ड्रीम चाचणीत औषधाच्या गटात अशा ३०६ खुणा पडल्या आणि दुसऱ्या गटात ६८६. म्हणजे ३८० माणसांचा फरक.

आता हीच टोपली उपडी करून आत काय आहे ते पाहू. मधुमेह झाला तो औषधाच्या गटात २८० जणांना आणि दुसऱ्या गटात ६५८ जणांना, फरक ३७८. मृत्यू झाले ३० आणि ३३. ३८० माणसांच्या फरकातला ३७८चा वाटा एकट्या मधुमेहाचा आहे. उरलेला दोनाचा.

चौकस वाचक इथे अडेल. २८० आणि ३० मिळून ३१० होतात, मग निकालात ३०६ कसे? चार माणसांना आधी मधुमेह झाला आणि नंतर त्यांचा मृत्यू झाला, म्हणून ते घटकांच्या दोन्ही ओळींत आहेत, पण एकत्रित निकषात त्यांची खूण एकच आहे. दुसऱ्या गटात अशी पाच माणसे आहेत. घटक वेगळे दाखवताना प्रत्येक ओळीत चाचणीच्या काळातल्या सगळ्या घटना धरल्या आहेत की फक्त पहिली, हे लिहावेच लागते. समजा, मृत्यूच्या ओळीत ‘पहिली घटना’ एवढेच मोजले, तर मधुमेह होऊन नंतर दगावलेला माणूस मृत्यूंच्या आकड्यातून गळून जातो. ड्रीममध्ये तो आकडा लहान होता. जिथे आधी हार्ट अटॅक येतो आणि महिनाभराने माणूस जातो अशा हृदयविकाराच्या चाचण्यांत तो बराच मोठा होऊ शकतो.

मग दोन इतक्या वेगळ्या गोष्टी एकत्र केल्याच कशाला? यामागे लबाडी होती असे मी म्हणणार नाही, कारण संशोधकांजवळ खरी कारणे असतात. पहिले कारण संख्येचे. या लोकांत तीन वर्षांत शंभरातले एक-सव्वा जणच दगावले. मृत्यू एक दशांशाने कमी होतात का, एवढे पक्के पाहायचे म्हटले तर एकेका गटात लाखाच्या वर माणसे घ्यावी लागतील. दुसरे कारण अधिक बारीक आहे. जो माणूस आधीच गेला त्याला पुढे मधुमेह होण्याचा प्रश्नच उरत नाही. फक्त मधुमेह मोजला, तर ज्या औषधाने माणसे दगावतात ते औषध मधुमेह कमी करते असे कागदावर दिसेल. मृत्यूही त्याच निकषात घेतला की ही फसगत टळते. त्यामुळे ‘किंवा’ लिहिणे योग्यच होते. चूक होते ती पुढे, तो ‘किंवा’ बातमीत ‘आणि’सारखा वाचला जातो तेव्हा.

ती चूक इतकी सहज का होते, हे समजण्यासाठी दोन्ही घटना जवळून पाहाव्यात. मधुमेहाचे निदान कसे होते? उपाशीपोटी रक्त घेतात, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज घातलेले पाणी प्यायला देतात आणि दोन तासांनी पुन्हा रक्त घेतात. दुसरा आकडा २०० किंवा त्याहून जास्त आला की मधुमेह, १४० ते १९९ असला की बॉर्डर. एखाद्याचा आकडा १९५ आला आणि दुसऱ्याचा २०५, तर त्या दोघांना त्या दिवशी एकमेकांपेक्षा वेगळे काहीही जाणवत नाही. पण २०५वाल्याच्या नावापुढे खूण पडते, आणि ती खूण दगावलेल्या माणसाच्या खुणेइतकीच भारी असते. शिवाय रोझिग्लिटाझोन हे साखर कमी करणारेच औषध आहे. ते चालू असताना साखर मोजली तर ती कमी भरणार यात नवल नाही. मधुमेह टळला की तेवढा काळ झाकला गेला, हा प्रश्न तसाच राहतो.

मृत्यूच्या ओळीकडेही नीट पाहायला हवे. ३० आणि ३३ या आकड्यांवरून ‘औषधाने मृत्यू कमी होत नाहीत’ असेही ठामपणे म्हणता येत नाही. घटना इतक्या थोड्या आहेत की खरा परिणाम मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटण्यापासून दीडपट वाढण्यापर्यंत कुठेही असू शकतो. प्रामाणिक वाक्य एवढेच होते: मृत्यूबाबत या चाचणीतून काही ठरत नाही. घटक वेगळे मांडण्याचा मोठा उपयोग हा आहे. कुठे कळले आणि कुठे कळले नाही, ते वाचकासमोर येते.

एकत्र केल्याने जसा फायदा पसरून दिसतो, तसा तोटाही पातळ होतो. याचे उदाहरण याच चाचणीत आहे. हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या घटनांची एक दुसरी टोपली संशोधकांनी केली होती. तिच्यात हार्ट अटॅक, पक्षाघात, छातीतले दुखणे, हार्ट फेल्युअर असे बरेच काही होते. त्यात औषधाच्या गटात ७५ माणसे निघाली आणि दुसऱ्या गटात ५५. हा फरक योगायोगानेही पडू शकतो, म्हणून दोन्ही गटांत प्रमाण साधारण सारखेच, असा शेरा मिळाला. पण त्यातले हार्ट फेल्युअर तेवढे बाहेर काढून पाहिले तर आकडे आहेत १४ आणि २. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी पडणे. पायांवर सूज येते, जिना चढताना धाप लागते, रात्री आडवे झाले की श्वास कोंडतो. रोझिग्लिटाझोनने शरीरात पाणी साठते, त्यामुळे हा धोका अनपेक्षितही नव्हता. शोधनिबंधाने हे दोन आकडे सारांशातच दिले होते, हे श्रेय त्यांना द्यायला हवे. ज्याने फक्त टोपलीचे नाव वाचले, त्याच्या हाती मात्र ‘हृदयावर परिणाम नाही’ एवढेच लागले असते.

माझ्या मते अशा निकालाची मांडणी पुढीलप्रमाणे असावी. मुख्य निकाल वर, त्याचे घटक लगेच खाली, आणि तोटाही त्याच तक्त्यात:

| तीन वर्षांत | औषध (२६३५ जण) | औषध नसलेली गोळी (२६३४ जण) |
|---|---|---|
| मधुमेह किंवा मृत्यू (प्रत्येकाची एकदाच मोजणी) | ३०६ | ६८६ |
| – मधुमेह | २८० | ६५८ |
| – मृत्यू (सगळे) | ३० | ३३ |
| हार्ट फेल्युअर | १४ | २ |

टक्केवारी आणि शक्यतेच्या मर्यादा बाजूला लिहाव्यात, पण माणसांचा आकडा गाळू नये. ‘६० टक्क्यांनी कमी’ हे कशातून कमी ते सांगत नाही. या तक्त्यातून साधे गणित निघते: हजार जणांनी तीन वर्षे हे औषध घेतले तर सुमारे १४४ जणांच्या साखरेचा आकडा मधुमेहाची रेषा ओलांडत नाही, आणि चार-पाच जादा माणसांना हार्ट फेल्युअर होते. एवढे समोर असले की बॉर्डरवरचा माणूस डॉक्टरांशी नीट बोलू शकतो.

घटक कधी उलट दिशांनाही जातात. रक्तदाबावर लोसार्टन आणि अटेनोलॉल या दोन गोळ्यांची तुलना करणाऱ्या ‘लाइफ’ चाचणीचा निकाल २००२ साली आला. या दोन्ही गोळ्या आपल्याकडे कितीतरी घरांत आहेत. हृदयविकाराने मृत्यू, पक्षाघात किंवा हार्ट अटॅक हा तिथला एकत्रित निकष लोसार्टनच्या गटात १३ टक्क्यांनी कमी भरला. आत पाहिले तर पक्षाघात २३२ विरुद्ध ३०९, म्हणजे चांगला मोठा फरक. हार्ट अटॅक मात्र १९८ विरुद्ध १८८, म्हणजे लोसार्टनच्या बाजूला किंचित जास्तच. तेवढ्या फरकावरून लोसार्टनने हार्ट अटॅक वाढतो असे म्हणणे चुकीचे ठरेल. पण ‘हार्ट अटॅक १३ टक्क्यांनी कमी’ असे कोणी म्हणत असेल तर तेही तितकेच चूक.

एक सावधगिरी मात्र पाळावी लागते. घटक वेगळे दाखवायचे ते वाचकाला पूर्ण चित्र दिसावे म्हणून. मुख्य निकाल हाती लागला नाही म्हणून आतला एखादा गोजिरा आकडा उचलून त्याचा विजय साजरा करणे, ही याच्या उलट बाजूची फसवणूक आहे. म्हणून टोपलीत काय काय घालायचे ते चाचणी सुरू होण्यापूर्वी लिहून ठेवावे, आणि शेवटी त्यातली प्रत्येक गोष्ट, आवडती असो वा नसो, छापावी.

रोझिग्लिटाझोनची कथा पुढे वेगळ्या वळणाने गेली. २००७ साली अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या एका विश्लेषणात या औषधाने हार्ट अटॅक वाढत असल्याची शंका पुढे आली. २०१० साली युरोपात त्याची विक्री थांबली, अमेरिकेत त्यावर कडक बंधने आली आणि भारतात त्यावर बंदी घातली गेली. अमेरिकेने ती बंधने २०१३ नंतर सैल केली, कारण दुसऱ्या एका चाचणीच्या फेरतपासणीत हार्ट अटॅकची शंका टिकली नाही. हार्ट फेल्युअरचा इशारा मात्र कायम राहिला.

म्हणून वर्तमानपत्रात आरोग्याची पाने लिहिणाऱ्यांना विनंती आहे: निकालात ‘किंवा’ असेल तर प्रत्येक घटनेचा दोन्ही गटांतला आकडा शोधनिबंधातून काढा आणि बातमीतच छापा. चार ओळी जादा लागतील, तेवढी जागा द्या. आणि वाचकहो, ते आकडे बातमीत नसतील तर तुमच्या डॉक्टरांना विचारा, ‘यातले मृत्यू किती, आणि कोणत्या गटात?’

ड्रीममध्ये ते ३० आणि ३३ होते.