तीन उपवास, नव्वद सेकंद

आषाढी एकादशीचा उपवास, रमजानचा रोजा आणि पर्युषणातला जैन उपवास यांची तुलना दीड मिनिटाच्या व्हिडिओत करता येते. तिन्हींत अन्न वर्ज्य असते, तिन्हींना वेळेची चौकट असते आणि मुंबई-पुण्याच्या एखाद्या इमारतीत तिन्ही पाळणारी घरे सापडतात. अशा व्हिडिओने माणसे दुखावतात तेव्हा त्याचे कारण बहुधा तुलना हे नसते. त्या तुलनेतून नकळत एक शिडी उभी राहते आणि कोणीतरी खालच्या पायरीवर बसतो, हे खरे कारण असते.

ही शिडी कशी तयार होते, ते एका वाक्यात पाहता येते: ‘मुसलमान रोज्यात पाण्याचा थेंबही घेत नाहीत, जैन तर आठ-आठ दिवस उपाशी राहतात, हिंदू मात्र उपवासाला साबुदाण्याची खिचडी खातात.’ यातला एकही तुकडा धादांत खोटा नाही, तरी पूर्ण वाक्य अन्यायाचे आहे. रोज्याबद्दल सांगितला आहे तो धर्माचा नियम. जैनांबद्दल सांगितली आहे ती अठाई, म्हणजे सलग आठ दिवसांचे तप. ते सगळे जैन करत नाहीत आणि ज्या घरात होते तिथे त्याचा मोठा सोहळा असतो. हिंदूंबद्दल सांगितली आहे ती स्वयंपाकघरातली रोजची रीत. एका बाजूचा नियम, दुसऱ्या बाजूचा पराक्रम आणि तिसऱ्या बाजूची सवय एकाच तराजूत घातल्यावर तराजू कुठे झुकणार हे आधीच ठरलेले असते. निर्जळी एकादशी करणारी आजी या वाक्यात कुठेच नाही. इफ्तारनंतर भरगच्च जेवणारा तरुणही नाही.

या चुकीवरचा एक नियम धर्मांच्या अभ्यासात प्रसिद्ध आहे. स्टॉकहोमचे बिशप क्रिस्टर स्टेंडाल यांनी १९८५ मध्ये, मॉर्मन पंथाच्या मंदिराला तिथे विरोध होत असताना, तीन गोष्टी सुचवल्या होत्या. दुसऱ्याचा धर्म समजून घ्यायचा तर तो पाळणाऱ्यालाच विचारावे. आपल्यातले उत्तम आणि त्यांच्यातले वाईट यांची तुलना करू नये. आणि त्यांच्याकडे आपल्याला हेवा वाटावा असे काही असू शकते, याला मनात जागा ठेवावी. व्हिडिओपुरता याचा अर्थ सरळ आहे. नियमाशी नियम ताडावा, रूढीशी रूढी ताडावी, आणि आपण कोणत्या पातळीवर बोलतो आहोत ते पहिल्याच वाक्यात सांगावे.

पुढचे काम म्हणजे तुलनेचा प्रश्न एकच ठेवणे. ‘कोणाचा उपवास कसा असतो’ हा प्रश्न दीड मिनिटात मावत नाही. दीड मिनिटात सावकाश बोलले तर जेमतेम दोनशे शब्द बसतात, म्हणजे प्रत्येक परंपरेच्या वाट्याला साठ-पासष्ट. ‘उपवास कधी सुरू होतो आणि कधी सुटतो’ एवढाच प्रश्न घेतला तर तो नीट मावतो. त्याचे उत्तर तिन्ही बाजूंनी सूर्याकडे बघूनच द्यावे लागत असल्याने माप आपोआप एकच राहते.

रोजा पहाटे उजाडू लागण्यापूर्वी सुरू होतो आणि सूर्यास्ताला सुटतो. त्या वेळात अन्न आणि पाणी दोन्ही वर्ज्य असते. मुंबईत ऋतूनुसार हा काळ साधारण १२ ते १५ तासांचा होतो. एकादशीचा उपवास सर्वसाधारणपणे त्या दिवशीच्या सूर्योदयापासून द्वादशीच्या सकाळी पारणे होईपर्यंत चालतो. काही जण निर्जळी करतात, बहुतेक घरांत उपवासाचे पदार्थ चालतात. जैन उपवास आदल्या दिवशीच्या सूर्यास्तापासून मोजला जातो आणि दुसऱ्या दिवशीची रात्र ओलांडून तिसऱ्या दिवशी सूर्योदयानंतर सुटतो, म्हणजे जवळजवळ ३६ तास. मधल्या दिवशी अनेक जण फक्त उकळलेले पाणी घेतात, तेही सूर्यास्तापूर्वी. काही जण पाणीही घेत नाहीत.

माहिती इतकी नेमकी झाली तरी धोका टळत नाही. पडद्यावर १३, २४ आणि ३६ हे आकडे एकाखाली एक आले की पाहणारा त्यांना गुणतालिकेसारखे वाचतो. आकडे लपवून हे सुटत नाही. दुसरे माप शेजारी ठेवले की सुटते. एका उपवासाची लांबी पाहिली तर जैन उपवास पुढे दिसतो. सलग दिवस पाहिले तर रमजानचे २९ किंवा ३० रोजे पुढे दिसतात, कारण ते काही निवडक तपस्व्यांसाठी नसून सज्ञान आणि सुदृढ अशा प्रत्येकासाठी आहेत. वर्षभराचा नेम पाहिला तर एकादशी पुढे दिसते: वर्षाला २४, आणि अधिक मास आला तर २६. माप बदलले की क्रम बदलतो. हे पाहणाऱ्याच्या लक्षात आले की ‘कठीण कोणाचा’ हा प्रश्न उपदेश न करताच गळून पडतो.

भाषेत शिडी लपते ती छोट्या शब्दांत. ‘तर’, ‘मात्र’, ‘फक्त’, ‘सुद्धा’ हे शब्द संहितेतून काढून वाक्य पुन्हा वाचून पाहावे. माहिती तेवढीच राहते, पण शेरा निघून जातो. दुसरी जागा श्रद्धा सांगण्याची. ‘आषाढी एकादशीला विष्णू योगनिद्रेत जातात’ हे थेट विधान आणि ‘रमजानमध्ये कुराण अवतरले असे मुसलमान मानतात’ हे दुरून केलेले विधान एकाच व्हिडिओत आले, तर बोलणारा कोणाच्या अंगणात उभा आहे ते उघड होते. ‘अशी श्रद्धा आहे’ हे म्हणायचे असेल तर तिन्ही ठिकाणी म्हणावे. आदरार्थी रूपांचेही तसेच. मराठीत विठोबा प्रेमाने एकवचनी असतो, पैगंबर आणि भगवान महावीर आदरार्थी बहुवचनी असतात. भजनात ते शोभते, पण माहिती सांगताना एकाच दमात ‘विठोबा उभा आहे’ आणि ‘पैगंबरांनी सांगितले’ असे आले तर काहींना ते खटकते. नावे कमी घेणे आणि घेतली तर एकच रूप वापरणे हा सोपा मार्ग आहे.

घरातला विनोदही इथे तपासावा लागतो. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण उपवास करणाऱ्यांनीच स्वतःवर केलेली थट्टा आहे. रोज्याचे वर्णन संपताच ती ऐकू आली, तर तीच म्हण बाहेरून मारलेला टोमणा होते. म्हण तीच, पण जागा बदलली की अर्थ बदलतो.

चित्रांत हाच दोष अधिक पटकन शिरतो, कारण दृश्य निवडताना कोणी वाक्याइतका विचार करत नाही. रोज्यासाठी नमाज पढणारी माणसे, जैनांसाठी ध्यानस्थ साध्वी आणि एकादशीसाठी खिचडीचे ताट दाखवले, तर दोघांची भक्ती आणि तिसऱ्याचे जेवण समोर येते. तिन्ही ठिकाणी एकच जिन्नस दाखवावा. इथे तो सूर्य आणि घड्याळ. उपवास सुटताना काय खातात ते दाखवायचेच असेल तर खजूर, पारण्याचे ताट आणि जैन पारण्यातला पहिला घोट अशी जोडी लावावी. इफ्तारच्या बाजारातल्या कबाबांवरून थेट जैन घराच्या दृश्यावर कापणे टाळावे. त्यात चुकीचे विधान एकही नसते, तरी दोन चित्रांच्या सांध्यातून एक अर्थ तयार होतो. पैगंबरांचे चित्र दाखवू नये आणि कुराणपठणाखाली वाद्यसंगीत घालू नये. तिन्ही भागांखाली एकच साधे संगीत ठेवले की हा प्रश्न उरत नाही.

या सगळ्यातून गेल्यावर संहितेचा गाभा असा होतो:

‘उपवास कधी सुटतो, हे तीन घरांत तीन वेळा ठरते. रोजा पहाटेपूर्वी सुरू होतो आणि सूर्यास्ताला सुटतो. अन्न नाही, पाणी नाही, असे २९ किंवा ३० दिवस. एकादशीचा उपवास सूर्योदयापासून द्वादशीच्या सकाळपर्यंत. कोणी निर्जळी करतात, अनेक घरांत उपवासाचे पदार्थ चालतात. वर्षात अशा २४ एकादश्या येतात. जैन उपवास आदल्या सूर्यास्तापासून परवाच्या सूर्योदयापर्यंत. कोणी दिवसा उकळलेले पाणी घेतात, कोणी तेही नाही. एक सूर्य, तीन घड्याळे.’

मथळाही याच सुरात हवा, कारण व्हिडिओ न पाहताही तो वाचला जातो. ‘सर्वात कठीण उपवास कोणाचा?’ या मथळ्याने वर बांधलेले सगळे पाडले जाते. ‘एक सूर्य, तीन घड्याळे’ने ते टिकते. शरीराला होणारे फायदे सांगण्याचा मोह असतो, तोही टाळावा. २०१६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल ‘उपवासाला’ मिळाले असे व्हिडिओंत सर्रास ऐकू येते. प्रत्यक्षात योशिनोरी ओसुमी यांचे ते काम यीस्टच्या पेशी आपल्याच घटकांची विल्हेवाट कशी लावतात यावरचे होते. शिवाय उपासनेचे आहारशास्त्र केले की ती मनापासून पाळणाऱ्याला परके वाटते.

प्रसिद्धीपूर्वी हा व्हिडिओ तिन्ही परंपरांतल्या, स्वतः उपवास करणाऱ्या प्रत्येकी एक-दोन माणसांना दाखवावा. ‘आवडला का’ असे विचारले तर शिष्टाचाराचे उत्तर मिळते. विचारायचे ते दोन प्रश्न: ‘यात चुकीचे काय आहे?’ आणि ‘तुमच्या घरी असेच चालते का?’ दुसऱ्या प्रश्नातून पंथांचे फरक बाहेर येतात. शिया घरांत रोजा सुन्नी घरांपेक्षा काही मिनिटे उशिरा सुटतो, श्वेतांबरांचे पर्युषण आठ दिवसांचे तर दिगंबरांचे दशलक्षण दहा दिवसांचे असते. हे सगळे दीड मिनिटात येणार नाही, पण ‘सर्व’ या शब्दाच्या जागी ‘अनेक’ येतो. एका जाणकाराने तिसऱ्याच परंपरेबद्दल दिलेली ग्वाही मात्र धरू नये.

इतकी काळजी घेऊनही काही विषय या आकारात बसत नाहीत. जैनांचा संथारा, म्हणजे आयुष्याच्या अखेरीस अन्नत्याग, हा उपवासांच्या यादीत ‘सर्वात मोठा उपवास’ म्हणून टाकता येत नाही. राजस्थान उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये त्याला आत्महत्येसारखा गुन्हा ठरवले आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. ज्या आचाराबद्दल मृत्यू, श्रद्धा आणि कायदा यांचा वाद चालू आहे, त्याला दहा सेकंद देणे म्हणजे एक बाजू घेणेच होय.

कायद्याची रेषा यापेक्षा बरीच पुढे आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ नुसार, पूर्वीच्या कलम २९५-अ प्रमाणेच, धार्मिक भावनांचा अपमान जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला असावा लागतो. महेंद्रसिंग धोनी यांच्यावरील खटला रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले की, हेतू नसताना निष्काळजीपणे झालेला अपमान या कलमात बसत नाही. म्हणून गुन्हा ठरत नाही एवढ्यावर व्हिडिओ तपासून चालत नाही. प्रसिद्धीनंतर कोणी दुखावल्याचे सांगितले, तर आधी तक्रारीची जात ओळखावी. माहिती चुकली असेल तर ती दुरुस्त करून चूक कुठे होती ते व्हिडिओखालीच लिहावे. शिडी उभी राहिली असेल तर तो भाग नव्याने कापावा. आणि आपला आचार दुसऱ्याच्या शेजारी ठेवलाच कसा, एवढाच आक्षेप असेल, तर त्यावर संहितेत दुरुस्ती नसते. तिथे तुलना कोणत्या एका प्रश्नापुरती केली होती, ते पुन्हा शांतपणे सांगणे एवढेच उरते.