गिअरबॉक्स उतरला की बिल का चढते?

चढावर इंजिन नुसते ओरडते आणि गाडी मात्र रेंगाळते, तेव्हा मेकॅनिक एकच निदान करतो: क्लच गेला. छोट्या पेट्रोल गाडीसाठी असे एस्टिमेट मिळाले असे समजू: क्लचप्लेट, प्रेशरप्लेट आणि रिलीज बेअरिंगचा सेट ५,२०० रुपये, मजुरी ३,३००. एकूण ८,५००. दोन दिवसांनी हातात पडलेले बिल १५,१०४ रुपयांचे. आकडे उदाहरणादाखल घेतलेले असले तरी हा धक्का अनेकांच्या ओळखीचा आहे.

यातले १,५३० रुपये कुणी लबाडीने लावलेले नाहीत. मूळ कामावरचा तो १८ टक्के जीएसटी आहे. सप्टेंबर २०२५ पर्यंत बहुतेक सुट्या भागांवर २८ टक्के कर होता; आता भाग आणि मजुरी दोन्हींवर १८ टक्के आहे. एस्टिमेटचा आकडा करासह की कराशिवाय, हे विचारले की तेवढा खुलासा तिथेच होतो.

उरलेली वाढ जास्तीच्या कामाची आहे: गिअर ऑइल ८००, क्रँकशाफ्टचे मागचे ऑइल सील ४००, ते बदलण्याची मजुरी ७००, फ्लायव्हीलचे फेसिंग ९००, एक माउंटिंग १,१०० आणि त्याची मजुरी ४००. बेरीज ४,३००, करासह ५,०७४.

यातली प्रत्येक ओळ वेगळ्या न्यायाने तपासावी लागते. क्लचच्या कामात भाग बदलायला फार वेळ लागत नाही. वेळ जातो तो तिथवर पोचण्यात. ड्राइव्हशाफ्ट काढायचे, माउंटिंग सोडायची, गिअरबॉक्स खाली उतरवायचा आणि मग सगळे उलट क्रमाने चढवायचे. ३,३०० रुपये प्रामुख्याने या उतरवाचढवीचे आहेत. अनेक गाड्यांत ड्राइव्हशाफ्ट काढताना गिअर ऑइल निघतेच. ते परत भरावे लागणार हे मेकॅनिकला पहिल्याच दिवशी ठाऊक असते, त्यामुळे ते ८०० रुपये एस्टिमेटमध्येच असायला हवे होते.

ऑइल सीलची गोष्ट निराळी. ते फ्लायव्हीलच्या मागे असते आणि गिअरबॉक्स उतरल्याशिवाय धड दिसत नाही. तिथे तेलाचा ओलावा असेल, तर ४०० रुपये वाचवणे महागात पडते: तेल नव्या क्लचप्लेटवर गेले की ती घसरू लागते आणि तीच उतरवाचढव पुन्हा करावी लागते. हे काम लगेच करून घ्यावे. पण मजुरी? गिअरबॉक्स आणि क्लच आधीच निघालेले आहेत. राहिले फ्लायव्हीलचे बोल्ट आणि सील बसवण्याची काळजी. थोडे पैसे रास्त आहेत. गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी मात्र दुसऱ्यांदा लागता कामा नये. फेसिंगसाठीही फ्लायव्हील काढावेच लागते, मग दोन्हींच्या मजुरीत तेच काम दोनदा मोजले आहे का, हेही विचारावे. बदललेले माउंटिंग गिअरबॉक्स उतरवताना सोडावेच लागणारे असेल, तर त्याच्या ४०० रुपयांनाही आधार उरत नाही. रबर खरोखर फाटले होते का, हे जुना भाग बघून कळते.

म्हणून जास्तीच्या कामाचा फोन आला की ‘किती होतील?’ एवढ्यावर थांबू नये. भागाचे किती, मजुरी किती आणि त्यातली कोणती मजुरी आधीच धरलेली आहे, असे तीन प्रश्न विचारावेत. फोटो मागवावा आणि होकार व्हॉट्सअ‍ॅपवर आकड्यासह लिहून द्यावा. गाडी सोडतानाच जॉब कार्डवर लिहून घेता येते: ‘एस्टिमेटपेक्षा जास्त काम विचारल्याशिवाय करू नये, जुने भाग परत द्यावेत.’ खाली रिकाम्या ओळी असलेल्या कार्डावर सही करू नये.

गॅरेजवाल्याची बाजूही खोटी नसते. गाडी लिफ्टवर खोलून पडलेली, मागे दुसरी उभी आणि मालक मीटिंगमध्ये, फोन उचलत नाही. अशा वेळी तो सील बदलून मोकळा होतो. फोन लागला नाही तर कुणाला विचारायचे, तो दुसरा नंबर कार्डवर असला की निम्मी भांडणे तिथेच मिटतात.

बिलावरून वाद झालाच, तर गाडी तशीच घेऊन निघता येईल असे धरून चालू नये. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १७० नुसार, ठरल्याप्रमाणे केलेल्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत कारागीर वस्तू अडवून ठेवू शकतो. न विचारता केलेल्या कामासाठी हा हक्क सांगता येतो का, हा वाद काउंटरवर सुटत नाही. गाडीची निकड असेल तर बिलावर ‘अमुक रकमेस हरकत कायम ठेवून पैसे भरले’ असे लिहून त्याची प्रत घ्यावी. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार करता येते, किंवा दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. तिथे पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. लागते ते जॉब कार्ड, एस्टिमेट आणि फोनवरचे ते संदेश.