प्रिंटर हलवताना शाई कुठून सांडते?

झेरॉक्सचं दुकान दोन गल्ल्या पलीकडच्या गाळ्यात न्यायचं असतं. अंतर एवढंसंच, म्हणून टाकीवाला इंकजेट प्रिंटर स्कूटरच्या पायाशी उभा ठेवला जातो. नव्या गाळ्यात पोचल्यावर तळातून काळी-निळी शाई ठिबकते, आणि टाकीचं झाकण तर घट्टच असतं!

या प्रिंटरमधल्या शाईच्या टाक्या छपाईच्या हेडपेक्षा किंचित खाली बसवलेल्या असतात. त्यामुळे हेडच्या सूक्ष्म छिद्रांत शाई हलकीशी मागे ओढलेली राहते, आपोआप गळत नाही. प्रिंटर आडवा किंवा उभा केला की टाकी वर आणि हेड खाली असं होऊ शकतं. मग शाई नळ्यांतून उतरते आणि हेडमधून बाहेर पडते. टाकीला हवा आत घेण्यासाठी वाट ठेवलेली असते, तिथूनही ती येते. शिवाय हेड साफ करताना वाया गेलेली शाई तळाशी स्पंजसारख्या पॅडमध्ये साठते. जुन्या प्रिंटरचं भिजलेलं पॅड कलंडलं तर तेही पाझरतं.

म्हणून हलवण्याआधी प्रिंटर त्याच्याच बटणाने बंद करावा. बटणाने बंद केला की हेड उजवीकडच्या घरात जाऊन बसतं आणि रबरी टोपीने छिद्रं झाकली जातात. आवाज थांबला की मगच प्लग काढावा. भिंतीवरचा स्विच थेट बंद केला तर हेड मध्येच अडकून उघडं राहू शकतं.

काही जुन्या मॉडेलांत टाकीच्या बाजूला फिरवायची खटकी असते. ती वाहतुकीच्या खुणेवर आणली की नळीतला प्रवाह बंद होतो. सगळ्यांत ती नसते, त्यामुळे माहितीपुस्तिका पाहावी. टाक्यांची झाकणं घट्ट दाबावीत. कागद, ट्रे, वायर काढून घ्यावेत. पुस्तिकेत सांगितलं असेल तर हेड चिकटपट्टीने जागेवर बांधावं. कार्ट्रिज मात्र काढू नयेत, कारण उघडी छिद्रं सुकतात. लेझर प्रिंटरचं उलट आहे: त्याचं टोनर काढून, उजेड लागणार नाही असं गुंडाळून वेगळं न्यावं.

टेम्पोत प्रिंटर सपाट ठेवावा, खाली प्लास्टिकची पिशवी किंवा जुनी चादर. रिक्षात सीटवर नेला तर आणखी बरं.

नव्या जागी आधी चिकटपट्टी काढायची, खटकी पुन्हा छपाईवर फिरवायची. ही दुसरी गोष्ट हमखास विसरते आणि मग शाई न मिळाल्याने पानावर पांढऱ्या रेघा येतात. नोझल चेकचं पान काढल्यावर रेघा तुटक दिसल्या तर हेड क्लीनिंग करावं. दोन-तीनदा करूनही सुधारणा नसेल तर आणखी रेटू नये. प्रिंटर निदान 12 तास बंद ठेवून पुन्हा पाहावं, कारण प्रत्येक क्लीनिंगची शाई त्याच तळाच्या पॅडमध्ये जाते.